घसा दुखतोय, पण आवाज कुठे अडकलाय?

रविवारी दुपारी आईचा सांगलीहून फोन आला. मी भात लावत होते, म्हणून फोन धाकट्या भावाकडे दिला. तो माझ्याकडे मारतहळ्ळीला येऊन चार महिने झाले होते, पहिलीच नोकरी. पाच-सहा वाक्यं बोलून झाली असतील, तोच आईने विचारलं, "अरे, तोंडात काय आहे तुझ्या? जेवता जेवता बोलतोयस का?"

तो जेवत नव्हता. शनिवारी सकाळपासून त्याने काही खाल्लंच नव्हतं.

घसा दुखायला लागून सहा दिवस झाले होते. मंगळवारी ताप, गिळताना त्रास, आरशात पाहिलं तर दोन्ही टॉन्सिल लाल आणि त्यांवर पांढरे ठिपके. घरात एका जुन्या अँटिबायोटिकच्या पट्टीत तीन गोळ्या उरल्या होत्या. त्या त्याने स्वतःच्या मनाने घेतल्या. दोन दिवस बरं वाटलं, गोळ्याही संपल्या. "ताई, झालं कमी," म्हणाला. शुक्रवारी पुन्हा ताप आला, पण या वेळी दुखणं वेगळं होतं. दोन्हीकडे न दुखता फक्त उजवीकडे ठणकत होतं आणि त्याच बाजूच्या कानातून कळ येत होती. मी हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, ज्येष्ठमध दिलं, आल्याचा काढा दिला. शनिवारी तो थुंकी गिळायची टाळून बेसिनमध्ये थुंकायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आईचा फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं, "आ कर." त्याचे दात जेमतेम एक बोट जाईल एवढेच उघडले.

घोगरा आवाज वेगळा, कोंदट आवाज वेगळा

संध्याकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पोहोचलो. नर्स म्हणाली, "बायि तेगेयिरी," म्हणजे तोंड उघडा. त्याने प्रयत्न केला आणि डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी त्याला फक्त नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "पू झालाय बहुतेक." तोंडात बॅटरी मारायच्या आधीच!

मला आश्चर्य वाटलं, म्हणून नंतर विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक घरात माहीत असावं असं आहे.

सर्दी-खोकल्यात किंवा खूप ओरडल्यावर आवाज बसतो, तेव्हा सूज स्वरयंत्रावर असते. आवाज खरखरीत, घोगरा होतो. पण टॉन्सिलच्या मागे पू साठला की स्वरयंत्र ठणठणीत असतं. बिघडते ती त्याच्या वरची जागा. टाळूचा मागचा मऊ भाग बोलताना सतत वर-खाली हलतो. पुवाच्या फुग्याने तो खाली ढकलला जातो आणि दुखण्यामुळे हलेनासा होतो. म्हणून शब्द कोंदट, गिळल्यासारखे येतात. तोंडात गरम बटाटा घोळवत बोलावं तसा हा आवाज, आणि डॉक्टर लोक त्याला खरंच 'गरम बटाट्याचा आवाज' म्हणतात. आईला फोनवर ऐकू आला तो हाच.

आणि तोंड का उघडत नाही? टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला घशाची एक पातळ स्नायूंची भिंत असते. पू साठतो तो टॉन्सिलचं आवरण आणि ही भिंत यांच्या मधल्या फटीत. भिंतीच्या पलीकडेच चावण्याचा एक स्नायू असतो. शेजारी आग लागली की तो आखडतो आणि जबडा धरून ठेवतो. निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटं उभी सहज मावतात. भावाचं एकच मावत होतं.

तोंड न उघडण्याची कारणं इतरही असतात. अक्कलदाढ सुजली तरी जबडा आखडतो, पण तेव्हा दुखणं दाढेशी असतं. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड महिनोन्महिने हळूहळू आवळत जातं, त्यात ताप नसतो. धनुर्वातातही दातखीळ बसते, पण तिथे एका बाजूचा सुजलेला टॉन्सिल दिसत नाही. आधी घसा दुखला, मग एकाच बाजूला वाढला, ताप आहे, आवाज कोंदट झाला आणि दोन-तीन दिवसांत तोंड उघडेनासं झालं, हा क्रम जुळला तर संशय टॉन्सिलमागच्या गळवाचाच घ्यायचा. मोठ्या मुलांत आणि तरुणांत हे जास्त दिसतं.

डॉक्टरांनी जीभ हळूच दाबून मलाही दाखवलं. उजव्या टॉन्सिलच्या वर टाळू फुगून खाली आला होता आणि पडजीभ मधोमध लोंबायच्या ऐवजी डावीकडे सरकली होती. पडजीभ नेहमी पुवाच्या विरुद्ध बाजूला ढकलली जाते.

पू बाहेर काढावाच लागतो

मी विचारलं, "चांगलं अँटिबायोटिक दिलं तर नाही का बसणार?" ते म्हणाले की नुसती सूज असती, पू धरला नसता, तर कदाचित औषधावर भागलं असतं. पण एकदा पू साठला की ती बंद पिशवी होते. पिशवीच्या आत रक्त फिरत नाही, त्यामुळे औषध आत पुरेसं पोहोचत नाही. गुळण्याचं पाणी तर तिला बाहेरूनच लागतं. गुळण्यांनी नुकसान काही होत नाही. नुकसान होतं ते त्यांच्या भरवशावर घालवलेल्या दिवसांचं.

ही गोष्ट नवीन नाही. सुश्रुतसंहितेत घशातल्या गळवाला 'गलविद्रधि' म्हटलंय, आणि ते नीट पिकलेलं असेल व मर्मस्थानी नसेल तर फोडावं, असा नियम दिलाय. आजही डॉक्टर आधी याच दोन गोष्टी बघतात. पू खरंच झालाय का, आणि जवळ काय आहे? टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या बाजूला, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते. म्हणून हे काम माहीतगार हातानेच व्हायला हवं. घरी चमच्याने, बोटाने दाबून फोडायचा विचारही करू नये.

आधी त्याला सलाईन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन आणि शिरेतून अँटिबायोटिक दिलं. सूज उतरायला स्टेरॉइडचा एक डोसही दिला. औषधांच्या ॲलर्जीबद्दल विचारलं, रक्तातली साखर तपासली. मग खुर्चीत ताठ बसवलं. झोपवत नाहीत, कारण पू मागे श्वासनलिकेत जाऊ शकतो. घशात बधिर करणारा फवारा मारला, थोडं थांबून त्याच जागी बधिरतेची बारीक सुई टोचली. मग जाड सुईची सिरिंज घेतली. सुईच्या प्लास्टिकच्या टोपणाचं टोक कापून ते पुन्हा सुईवर चढवलं होतं, त्यामुळे टोक फक्त एक सेंटिमीटरच बाहेर राहत होतं. ठरल्यापेक्षा खोल जाऊच नये म्हणून.

टॉन्सिलच्या वरच्या टोकाशी, जिथे फुगवटा सर्वांत जास्त होता, तिथे सुई गेली आणि सिरिंजमध्ये पिवळट-हिरवा पू भरायला लागला. पाच मिली. वास इतका की मी मागे सरकले. थोडा पू तपासणीला पाठवला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. लहान मुलं इतकी शांत बसत नाहीत, त्यांच्यासाठी बहुतेक वेळा भूल द्यावी लागते.

पाऊण तासाने तो दोन बोटं तोंड उघडून म्हणाला, "ताई, पाणी." दोन दिवसांनी पाण्याचा पहिला घोट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज

रात्री दवाखान्यातच ठेवलं. सकाळी ताप उतरला होता, म्हणून मला वाटलं आता घरी जायचं. पण त्याने "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि आवाज पुन्हा कोंदट! काल रात्री बरा झालेला आवाज परत तोंडात अडकला होता. मी राऊंडला आलेल्या डॉक्टरांना तेवढंच सांगितलं.

सुईने पू काढल्यावर बहुतेकांचं भागतं, पण काही जणांत तो पुन्हा भरतो. भावाचं तसंच झालं होतं. या वेळी त्यांनी त्याच जागी छोटासा छेद दिला आणि चिमट्याने आतली फट हलकेच मोकळी केली, म्हणजे उरलेला पू साठून न राहता वाहून जाईल. टाके घातले नाहीत, ती वाट उघडीच ठेवायची असते. थोडं रक्त, थोडा पू थुंकून झाला आणि मग कोमट मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. माझ्या गुळण्या शेवटी उपयोगी पडल्या, फक्त वाट उघडल्यानंतर!

मंगळवारी घरी आलो. गोळ्या एकूण दहा दिवसांच्या. तिसऱ्या दिवशी एकदम बरं वाटायला लागलं तेव्हा पट्टी मी माझ्याकडे ठेवली आणि रोज हातात गोळी दिली. टॉन्सिल काढायचे का, हे मी विचारलं होतं. पहिल्याच वेळी सगळ्यांना काढावे लागत नाहीत. गळू पुन्हा झालं किंवा टॉन्सिल वर्षातून बरेचदा सुजत असतील तर सूज पूर्ण उतरल्यावर त्याचा विचार करतात.

कधी सकाळची वाट बघू नये

कोंदट आवाज आणि न उघडणारं तोंड असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. पण काही खुणा दिसल्या तर दवाखान्याची वेळही बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. श्वास घेताना आवाज येतोय, आडवं झालं की गुदमरतंय म्हणून माणूस पुढे वाकून बसलाय, लाळ गिळताच येत नाही आणि ओघळतेय, मान ताठ झालीय किंवा मानेवर सूज उतरलीय, अशा वेळी पू किंवा सूज श्वासाच्या वाटेवर किंवा मानेत पसरत असू शकते. अशा माणसाला जबरदस्तीने झोपवू नये, तोंडात काही घालू नये. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही १०८ ला फोन करता येतो. आम्ही रविवारी निघालो म्हणून आउटर रिंग रोड मोकळा मिळाला. सोमवारी संध्याकाळी हाच प्रसंग आला असता तर मारतहळ्ळीच्या पुलाखालीच किती वेळ गेला असता, याचा विचार नको वाटतो.

त्या आठवड्यात मी त्याचा घसा रोज बघत होते, ताप मोजत होते. पण त्याचा आवाज मला रोज ऐकून सवयीचा झाला होता. आईने आठवड्यानंतर ऐकला आणि तिला लगेच फरक कळला. आता घरी कुणाचा घसा दुखला की मी एक साधी गोष्ट करते. पहिल्या दिवशी त्याच्या आवाजात एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ठेवते. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक. दोन्ही लागोपाठ ऐकायचे, आणि मग "आ कर" म्हणून तीन बोटं मावतात का ते बघायचं.