दोन कागद, दोन करार

परवा एका व्याख्यानात पुन्हा तेच ऐकलं. हैदराबाद, जुनागढ आणि काश्मीर सोडून बाकीची सगळी संस्थानं म्हणे 15 ऑगस्ट 1947च्या आत विलीन झाली. या सदराचे वाचक आता कंटाळले असतील, पण मी हे खोडून काढणं सोडणार नाही.

ऑगस्टमध्ये राजांनी सही केली ती सामीलनाम्यावर. त्यात त्यांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय दिल्लीकडे दिले. महसूल, पोलीस, न्यायालयं, शाळा सगळं दरबाराकडेच राहिलं. पुढे होणारी राज्यघटना मान्य करायचं बंधनही त्या कागदात नव्हतं. गोष्ट तिथेच थांबली असती, तर सांगली, औंध, फलटण, भोर इथे आजही वेगवेगळे कायदे दिसले असते.

विलीनीकरण झालं ते दुसऱ्या कागदाने. डिसेंबर 1947मध्ये सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन कटकला गेले, ओरिसातल्या राजांना एकत्र बसवलं आणि राज्यकारभाराचे सगळे अधिकार सोडणारे करार करून घेतले. मग हीच वाट इतरत्र वापरली. दक्षिणेतल्या आपल्या संस्थानिकांनी आधी आपसात संघ करून पाहिला, पण शेवटी 8 मार्च 1948 रोजी त्यांची संस्थानं मुंबई प्रांतात आली. कोल्हापूर यायला 1 मार्च 1949 उजाडला.

पहिल्या कागदात पैशाचा विषय नव्हता, दुसऱ्यात होता. ओरिसाच्या राजांचा तनखा संस्थानाच्या उत्पन्नावरून ठरला: पहिल्या लाखावर 15 टक्के, पुढच्या चार लाखांवर 10 टक्के, त्यावर साडेसात टक्के आणि कमाल मर्यादा दहा लाख. म्हणजे दहा लाख उत्पन्नाच्या राजाला वर्षाला 92,500 रुपये. संस्थान जेवढं मोठं, तेवढा तनख्याचा वाटा कमी. शिवाय खासगी मालमत्ता आणि वारसाहक्क यांची हमी. त्या बदल्यात सगळा मुलूख आणि सगळा कारभार देशाला मिळाला. व्यवहार स्वस्तातच पडला, असं माझं ठाम मत आहे.

पटेलांनाही हा व्यवहारच वाटत होता. 12 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितलं, की तनखे हा राजांनी सोडलेल्या सत्तेचा मोबदला आहे आणि दिलेला शब्द आपण पाळला पाहिजे. 1971मध्ये 26व्या घटनादुरुस्तीने तो शब्द मोडला. राजेशाही मला अजिबात नको आहे. प्रजा परिषदांनी रस्त्यावर जो दबाव आणला, त्याशिवाय त्या सह्या इतक्या लवकर झाल्याच नसत्या. पण मुलूख ठेवून मोबदला बंद करायचा, याला मी न्याय म्हणणार नाही.

सगळं ऑगस्टमध्येच संपलं असं शिकवलं, की हा दुसरा कागद आणि त्याची किंमत दोन्ही विस्मरणात जातात. शाळेच्या पुस्तकात सामीलनामा आणि विलीनीकरणाचा करार शेजारीशेजारी छापा. फरक मुलांना आपोआप कळेल.