सलाईन काढल्यावर कडक झालेली शीर

रुग्णालयातून घरी येऊन तीन-चार दिवस झालेले असतात. उलट्या थांबलेल्या, जेवण सुरू झालेलं. आणि आंघोळ करताना हाताला काहीतरी लागतं. सलाईनची सुई जिथे होती तिथून कोपराच्या दिशेने कातडीखाली एक कडक दोरी गेलेली असते. बोट ठेवलं की कळ येते, वरची कातडी लालसर आणि गरम. सावळ्या अंगावर ही लाली दिसतेच असं नाही, तिथे जांभळट पट्टा दिसतो. घरात कुणीतरी म्हणतं, ‘गुठळी आहे, हृदयात जाईल.’ दुसरं कुणी खोबरेल तेल घेऊन चोळायला बसतं.

गुठळी आहे हे खरं. पण बोटाला लागणारी गुठळी आणि जीवावर बेतणारी गुठळी या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि घाबरायचं कशाला हे त्यातूनच ठरतं.

हातात शिरांचे दोन थर असतात. वरचा थर कातडीखालच्या चरबीत. सुई टोचताना नर्स पट्टा बांधून शोधतात त्या शिरा याच. दुसरा थर स्नायूंच्या आत, जाड आवरणाखाली. तिथलं रक्त काखेतून छातीकडे जातं. सलाईनची प्लास्टिकची नळी, जिला वॉर्डात इंट्राकॅथ म्हणतात, ती वरच्या शिरेत असते. नळी शिरेच्या आतल्या नाजूक अस्तराला घासत राहते, त्यातून जाणारं औषध तेच अस्तर जाळतं. अस्तर दुखावलं की भिंत सुजते आणि त्या जागी रक्त गोठतं. ही गुठळी सुजलेल्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते, म्हणून ती सहसा सुटून वाहत नाही. शीर दुखते ती या सुजेमुळे.

खोल शिरेतली गुठळी वेगळी वागते. ती मोठी असू शकते, भिंतीला तिची पकड सैल असते. तिचा तुकडा सुटला तर हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. आणि ती बोटाला लागत नाही. तिचा पत्ता लागतो तो अख्ख्या अवयवाच्या सुजेवरून. हात बोटांपासून वरपर्यंत जड होतो, बांगड्या रुततात, रंग निळसर होतो, खांद्यावर आणि छातीवर एरवी न दिसणाऱ्या शिरा फुगतात.

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी दाखल झालेल्या पन्नाशीच्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. डाव्या मनगटाजवळ सुई, सलाईनमध्ये पोटॅशियम, कारण जुलाबात ते कमी झालेलं. पोटॅशियम शिरेला झोंबतं. ‘हात जळतोय’ असं त्या दुसऱ्या रात्री म्हणाल्या होत्या, पण नळी तिथेच राहिली. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. मनगटापासून वर सुमारे आठ सेंटिमीटर कडक, दुखरी रेघ. ताप नाही. सुईच्या जागी पू नाही. दोन्ही हातांचा घेर कोपराखाली त्याच अंतरावर टेपने मोजला, तो सारखाच भरला. बोटं मोकळी, रंग नेहमीचा, दम लागत नाही. काखेकडे जाणारी आतली बाजू मऊ. ‘काकू, ही वरच्या शिरेची सूज आहे,’ असं इथे निःशंकपणे सांगता येतं. सोनोग्राफीची गरज नाही, रक्त पातळ करणारं औषध नको, आणि अँटिबायोटिकही नको, कारण हा दाह रसायनाचा आणि घासण्याचा आहे, जंतूंचा नाही. लाल दिसलं की अँटिबायोटिक लिहायची आपल्याकडची सवय मला इथे स्पष्टपणे चुकीची वाटते.

त्यांना सांगितलं ते एवढंच. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बसताना हात उशीवर उंच ठेवा, पण हात वापरत राहा, गळ्यात बांधून ठेवू नका. डायक्लोफेनॅकचं किंवा हेपॅरिनचं जेल हलक्या हाताने लावा, उघड्या जखमेवर नको. सुजेच्या गोळ्यांनीही आराम पडतो, पण जुलाबाने नुकतंच शरीरातलं पाणी गेलेलं असताना मूत्रपिंडाचा विचार करून मी त्या टाळल्या. चोळणं पूर्ण बंद. चोळल्याने दाह वाढतो, आणि गुठळीवर जोर देण्यात फायदा काहीच नाही. शेवटी पेनाने दोरीच्या दोन्ही टोकांना खूण करून दिली. रेघ खुणेच्या पुढे सरकली तर परत यायचं.

दुखणं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. कडकपणा मात्र काही आठवडे, कधी काही महिने राहतो आणि वर तपकिरी डाग उरतो. पुष्कळ जण यालाच घाबरून पुन्हा येतात. दुखत नसलेली, वाढत नसलेली कडक शीर ही बरी होत चाललेली शीर असते.

आता हा दिलासा कुठे संपतो ते. रेघ कोपर ओलांडून दंडाच्या आतल्या बाजूने काखेकडे सरकली, तर तिथे वरची शीर खोल शिरेला मिळते. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करायला हवी. अख्खा हात सुजला तरीही तेच. दंडातून छातीपर्यंत जाणारी लांब नळी घातलेली असेल, तर ही शंका आधीच मनात ठेवावी. थंडी वाजून ताप, सुईच्या जागेतून पू, हे शिरेत जंतू शिरल्याचं लक्षण आहे. ते रक्तात पसरू शकतात, म्हणून पुन्हा दाखल व्हावं लागतं. अचानक दम, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, असं झालं तर सरळ आपत्कालीन विभाग गाठावा.

आणि पाय. पायातली अशीच दोरी हातातल्या दोरीसारखी समजू नये, सुई लावली नसताना, फुगलेल्या शिरेत झालेली तर मुळीच नाही. मांडीच्या आतल्या बाजूने जाणारी लांब शीर जांघेत खोल शिरेला मिळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिस्टो अभ्यासात पायात निदान पाच सेंटिमीटर लांबीची अशी गुठळी असलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांपैकी निम्म्यांना फोंडापॅरिनक्सचं रोज एक इंजेक्शन ४५ दिवस दिलं. गुठळी पसरण्याचं आणि गुंतागुंतीचं प्रमाण त्यांच्यात बरंच घटलं. म्हणून पायाची सोनोग्राफी आधी, धीर नंतर. गुठळी जांघेतल्या जोडापासून तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर तिच्यावर खोल गुठळीसारखेच उपचार होतात. हे निष्कर्ष सलाईनने दुखावलेल्या हाताला मात्र लावता येत नाहीत.

यातलं बरंचसं टाळता येतं. मोठ्या शिरेत लहान नळी, म्हणजे तातडीची गरज नसेल तर हिरव्या टोपणाच्या १८ नंबरऐवजी गुलाबी २० किंवा निळी २२ नंबरची. मनगटाच्या आणि कोपराच्या सांध्यावर नको. आणि औषधं तोंडाने सुरू झाली, तरी ‘राहू दे, लागली तर’ म्हणून दोन दिवस हातात ठेवलेली नळी काढून टाकायला हवी. रुग्ण ‘जळतंय’ म्हणाला की बाटलीचा वेग कमी करून भागत नाही, जागा बदलावी लागते. घरचे लोक हे सांगायला संकोचतात. ‘सिस्टर, इथे दुखतंय, ही सुई अजून लागणार आहे का?’ हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पुढच्या वेळी दाखल व्हावं लागलं, तर कडक झालेली शीर दाखवून दुसऱ्या हाताला सुई लावायला सांगावं. ती शीर पुन्हा उघडेलच असं नाही, पण तिच्या शेजारच्या शिरा तिचं काम उचलतात आणि हाताला काही कमी पडत नाही.