उत्तरातला कर्ता

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देणाऱ्या चित्रफितींचा साचा आता ठरून गेला आहे. एक प्रश्न विचारला जातो, मग पडद्याच्या डाव्या बाजूला कच्चे उत्तर आणि उजव्या बाजूला पक्के. कच्चे उत्तर देणारा अवघडून बसलेला असतो, शब्द शोधत असतो, जुन्या साहेबांबद्दल कुरकुरत असतो. पक्के उत्तर देणारी व्यक्ती टापटीप आणि हसतमुख असते, एकही शब्द चुकत नाही. पाहणाऱ्याच्या मनात उतरतो तो बसण्या-बोलण्यातला फरक, आणि उत्तरात नेमके काय कमी होते ते निसटून जाते. ब्रिटनमध्ये नव्याने आलेली आपली बरीच मंडळी अशा चित्रफिती पाहून तयारी करतात, म्हणून हे लिहितो आहे. दोन उत्तरे शेजारी ठेवण्याची कल्पना उत्तम आहे. पण बोलणारा तोच, आवाज तोच, प्रसंगही तोच ठेवून फक्त एक गोष्ट बदलली, तरच त्या जोडीतून काही शिकता येते.

ही जोडी मुळात उमेदवारासाठी तयार झालेली नाही. ती परीक्षकाची मोजपट्टी आहे. १९६३ साली पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल या मानसशास्त्रज्ञांनी परिचारिकांच्या कामाचे मूल्यमापन करण्यासाठी गुणांच्या पट्टीवर प्रत्यक्ष वागणुकीची उदाहरणे मांडली. ‘चांगले’ किंवा ‘बरे’ अशा मोघम शेऱ्यांऐवजी, कोणते वागणे दिसले तर किती गुण, हे आधीच लिहून ठेवायचे. तीच रीत पुढे मुलाखतींत आली: सर्व उमेदवारांना तेच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नापुढे कमकुवत, मध्यम व भक्कम उत्तराचे नमुने. ही पद्धत टिकली ती तिच्या उपयोगामुळे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या पद्धतींवरील जुन्या संशोधनाची नव्याने आकडेमोड केली, तेव्हा पुढे काम कसे होईल याचा अंदाज देण्यात अशी आखीव मुलाखत सर्वांत वर आली. मनमोकळ्या गप्पांसारखी मुलाखत बरीच खाली राहिली.

येथील सिव्हिल सर्व्हिसची भरती हे याचे उघड उदाहरण. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे नागरिक असल्याने, येथे काम करण्याचा हक्क असेल तर राखीव नसलेल्या पदांसाठी त्यांना अर्ज करता येतो. ‘सक्सेस प्रोफाइल्स’ या चौकटीत नऊ बिहेव्हियर्स छापील आहेत आणि प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण मिळतात. ४ म्हणजे स्वीकारार्ह आणि ७ म्हणजे असाधारण. पॅनेल गुण देते ते त्या वागण्याच्या पुराव्याला. इंग्रजीच्या सफाईला त्यात वेगळा रकाना नाही; ‘कम्युनिकेटिंग अँड इन्फ्लुअन्सिंग’ या बिहेव्हियरमध्येसुद्धा आपण काय कळवले आणि कोणाला कसे पटवले हेच सांगावे लागते.

‘चेंजिंग अँड इम्प्रूव्हिंग’ हे बिहेव्हियर घेऊ. प्रश्न असा: तुम्ही कामाची पद्धत सुधारली असा एक प्रसंग सांगा. समजा, एका लेखा विभागातली उमेदवार उत्तर देते: “पुरवठादारांची बिलं वेळेवर चुकती होत नव्हती. आम्ही सगळ्यांनी बसून विचार केला, नवी पद्धत ठरवण्यात आली आणि त्यामुळे परिस्थिती खूप सुधारली.” यात न अडखळता बोललेली दोन नीट वाक्ये आहेत. चित्रफितीतल्या कच्च्या उत्तरासारखे हे मुळीच दिसत नाही, म्हणून हे देणाऱ्याला आपले चुकले असे वाटतही नाही. तरीही पॅनेलवरच्या माणसाकडे लिहून घ्यायला काही नसते. विचार कोणी मांडला? पद्धत कोणती? ‘खूप’ म्हणजे किती? आता तीच उमेदवार त्याच सुरात म्हणते: “बिलं चुकती व्हायला सरासरी ४१ दिवस लागत होते. मी उशीर झालेली ६० बिलं काढून तपासली. त्यातल्या ३८ बिलांवर खरेदी क्रमांकच नव्हता. तो क्रमांक नसेल तर मागणी पुढे जाऊ नये, असा बदल मी सुचवला. दोन विभागांचा विरोध होता, कारण तातडीची खरेदी अडली असती. मी त्यांच्याबरोबर बसून तातडीसाठी वेगळी वाट ठेवली. अर्जाचा नमुना सहकाऱ्यानं बनवला. तीन महिन्यांनी सरासरी १९ दिवसांवर आली.” प्रसंग बदललेला नाही. बदलले ते एवढेच, की प्रत्येक क्रियापदाला कर्ता मिळाला आणि प्रत्येक दाव्याला माप.

आपल्या भाषेत हा कर्ता सहज गळतो. ‘काम झालं’, ‘असं ठरलं’, ‘निर्णय घेण्यात आला’ ही आपली रोजची वाक्ये. चार लोकांत ‘मी केलं’ म्हणणे आपल्याला आगाऊपणाचे वाटते. ही सवय इंग्रजीतही बरोबर येते आणि कर्तबगार माणसाचे उत्तर ३ गुणांवर अडते. यावर असे म्हटले जाईल की सर्वांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकट्याने घेणे अप्रामाणिक आहे. ते अप्रामाणिकच आहे, पण वरच्या दुसऱ्या उत्तरात तसे झालेले नाही. तेथे अर्जाचा नमुना करणाऱ्या सहकाऱ्याचा वाटा स्पष्ट सांगितला आहे, उलट पहिल्या उत्तरातल्या ‘आम्ही’मध्ये तोही पुसला गेला. कोणी काय केले याचा हिशोब देणे ही बढाई नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नमुना उत्तरे दाखवली की लोक ती पाठ करतात आणि मग परीक्षा होते पाठांतराची. हे घडते, आणि त्याचा दोष काही अंशी चित्रफितींचाच आहे, कारण त्या उत्तरावर थांबतात. प्रत्यक्षात पॅनेल पुढे विचारू शकते: “६०च बिलं का निवडलीत? विरोध करणाऱ्यांचं म्हणणं नेमकं काय होतं? आज तेच काम हाती घेतलंत तर काय वेगळं कराल?” उसना प्रसंग या तीन प्रश्नांत उघडा पडतो, स्वतःच्या कामाचा असेल तर उलट अधिक भरतो. म्हणून जोडीतल्या प्रत्येक उत्तरानंतर असे दोन-तीन उपप्रश्न दाखवणे मला सर्वांत गरजेचे वाटते. तेवढे केले तर पाठांतराचा मोह आपोआप ओसरेल.

पाहणाऱ्याच्या हातातही बरेच आहे. प्रश्न ऐकला की चित्रफीत थांबवावी, स्वतःचे उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि मगच पुढे पाहावे. नमुना आधी पाहिला तर त्याचीच वाक्ये तोंडात बसतात. त्यानंतर आपले उत्तर कागदावर उतरवून कर्ता नसलेल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी. प्रसंगाच्या वर्णनातच निम्मा वेळ गेला असेल तर तेही कागदावर लगेच दिसते. ते वर्णन दोन वाक्यांत आटपावे.

आपल्या मंडळींपैकी काही जण येथील कार्यालयांत आणि रुग्णालयांत मुलाखतीच्या पॅनेलवर बसतात. त्यांना माझी विनंती आहे की नव्याने आलेल्या एका तरी उमेदवाराचे उत्तर तासभर बसून ऐका, त्याला खरोखरीचे गुण द्या, आणि कोणत्या वाक्याला किती गुण दिले ते त्याला सांगा.