विश्लेषण : निवृत्तीनंतरचे पहिले निवृत्तिवेतन का रखडते? कागदपत्रांची तयारी दोन वर्षे आधीच का सुरू करावी लागते?

सरकारी कर्मचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख तो नोकरीत रुजू होतो त्या दिवशीच ठरलेली असते. तरीही निवृत्त झाल्यावर पहिल्या निवृत्तिवेतनासाठी अनेकांना महिनोन्महिने थांबावे लागते. हा विलंब कोषागारात किंवा महालेखापाल कार्यालयात झाला, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्याच्या खूप आधी, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कार्यालयातील सेवापुस्तकात अडकलेली असतात. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेल्या, म्हणजे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे नेमके कसे घडते?

नियम काय सांगतो?

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 नुसार निवृत्तिवेतनाचे कागद तयार करण्याचे काम कार्यालयप्रमुखाने निवृत्तीच्या दोन वर्षे आधी हाती घ्यायचे असते. पूर्ण झालेले प्रकरण महालेखापाल कार्यालयाकडे निवृत्तीच्या सहा महिने आधी पोहोचणे अपेक्षित असते. मराठवाडा आणि विदर्भातील प्रकरणे नागपूरच्या, तर उर्वरित महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात जातात. तिथून निवृत्तिवेतन, उपदान आणि अंशराशीकरणाचे प्रदान आदेश निघतात व कोषागाराला पाठवले जातात. कोषागार निवृत्त व्यक्तीची ओळख पडताळते आणि त्यानंतर पैसे खात्यात जमा होऊ लागतात.

म्हणजे दोन वर्षांपैकी दीड वर्ष कार्यालयाच्या पातळीवरील कामासाठी ठेवलेले आहे. एवढा वेळ का, याचे उत्तर वेतन पडताळणीत आहे.

वेतन पडताळणी म्हणजे काय?

निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरते आणि शेवटचे वेतन हे तीस-पस्तीस वर्षांतील प्रत्येक वेतननिश्चितीवर उभे असते. त्यामुळे लेखा व कोषागारे विभागाचे वेतन पडताळणी पथक सेवापुस्तक तपासते. पाचव्या, सहाव्या व सातव्या वेतन आयोगानुसार झालेली वेतननिश्चिती, पदोन्नती आणि आश्वासित प्रगती योजनेचे लाभ बरोबर दिले गेले का, हे पाहिले जाते. सारे बरोबर असेल तर सेवापुस्तकात तशी नोंद होते. चूक किंवा अपुरी नोंद दिसली तर आक्षेप लावून पुस्तक कार्यालयाकडे परत येते आणि पूर्तता झाली की पुन्हा पथकाकडे जाते. खरा वेळ या ये-जा करण्यातच जातो.

एक उदाहरण

समजा, जालन्यातील एका कार्यालयात 1997 साली लागलेला एक लिपिक आहे. जन्मतारीख 14 मे 1969. वयाची 58 वर्षे मे 2027 मध्ये पूर्ण होतात, म्हणून तो 31 मे 2027 रोजी निवृत्त होईल. नियमाप्रमाणे त्याच्या कागदांचे काम जून 2025 मध्ये सुरू व्हायला हवे आणि प्रकरण 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत नागपूरला पोहोचायला हवे.

आता असे धरू की सेवापुस्तक पहिल्यांदा उघडले गेले फेब्रुवारी 2027 मध्ये. पथकाने आक्षेप लावला की संगणक अर्हता परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद नाही. ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी 31 डिसेंबर 2007 पर्यंतची मुदत होती आणि मुदतीत ती न देणाऱ्यांची वेतनवाढ रोखली जाणार होती. या लिपिकाने परीक्षा 2007 मध्येच दिली होती, पण तेव्हा तो दुसऱ्या तालुक्यात होता आणि तिथे नोंद घ्यायची राहून गेली. प्रमाणपत्र शोधणे, जुन्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करणे, नोंद साक्षांकित करणे आणि पुस्तक पुन्हा पथकाकडे पाठवणे यात निवृत्तीची तारीख उलटून जाते. हेच काम 2025 च्या पावसाळ्यात सुरू झाले असते, तर तेवढाच वेळ लागूनही कोणाचे काही अडले नसते.

वेतनच चुकीचे ठरले असेल तर?

अशा वेळी विलंबाबरोबर पैशांचा प्रश्न येतो. समजा, 2006 च्या वेतननिश्चितीत चुकून एक वेतनवाढ जास्त दिली गेली आणि त्यामुळे आजचे मूळ वेतन 55,800 रुपयांऐवजी 57,500 रुपये आहे. निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे धरले, तर ते 28,750 ऐवजी 27,900 रुपये होते. दरमहा 850 रुपयांचा हा फरक आणि त्यावरचा महागाई भत्ता कायमचा जातो. शिवाय मागील जादा रकमेच्या वसुलीचा प्रश्न उभा राहतो.

पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये काही परिस्थितींत अशी वसुली करता येणार नाही, असे म्हटले. गट क आणि ड मधील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेलेली प्रकरणे यांचा त्यात समावेश आहे. मात्र वेतन सुधारणेच्या वेळी ‘जादा रक्कम मिळाल्यास परत करीन’ असे वचनपत्र दिलेले असेल तर ते बंधनकारक ठरते, असा निकाल 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात आला. त्यामुळे अशा वचनपत्रावर सही केली होती का, हे सेवापुस्तक पाहतानाच तपासावे लागते. वसुली टळली तरी निवृत्तिवेतन दुरुस्त वेतनावरच ठरते.

कर्मचाऱ्याने स्वतः काय पाहावे?

सेवापुस्तक कार्यालयाच्या ताब्यात असते, पण त्याची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असू शकते. नसेल तर मूळ पुस्तक पाहण्यासाठी लेखी अर्ज करता येतो. पाहण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येक वर्षाची सेवा पडताळल्याची नोंद सही-शिक्क्यासह आहे का? बदलीच्या काळात दोन कार्यालयांच्या मध्ये काही दिवस सुटले आहेत का? विनावेतन रजा नोंदली आहे का? स्थायित्वाची आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद आहे का? एखाद्या वर्षाची पडताळणी राहिली असेल तर त्या काळातील वेतन देयकांवरून ती करून घेता येते. पण जुनी देयके शोधायलाच सर्वाधिक वेळ लागतो.

दुसरी गोष्ट नावांची. आधार, पॅन, बँक खाते आणि सेवापुस्तक यांतील स्वतःचे व जोडीदाराचे नाव सारखे असावे, कारण कुटुंब निवृत्तिवेतनाची नोंद त्याच कागदांवरून होते. निवृत्तीनंतर दुसऱ्या जिल्ह्यात राहायचे असेल तर तिथले कोषागार अर्जातच लिहावे.

तरीही उशीर झाला तर?

प्रकरण वेळेत मंजूर होणार नसेल तर कार्यालयप्रमुख तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करू शकतो. प्रशासकीय कारणाने झालेल्या विलंबासाठी व्याजाची तरतूदही नियमांत आहे. दोन्हींसाठी लेखी मागणी केलेली बरी.

एका बाबतीत मात्र ही तयारी उपयोगी पडत नाही. निवृत्तीच्या दिवशी विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन कार्यवाही प्रलंबित असेल, तर ती संपेपर्यंत तात्पुरतेच निवृत्तिवेतन मिळते आणि उपदान रोखले जाते. अशा कर्मचाऱ्याने निवृत्तीच्या कागदांइतकाच पाठपुरावा चौकशी निकाली निघण्यासाठी करणे गरजेचे ठरते.