तेरीज जुळली, पण…

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार विभागात ३१ मार्चच्या रात्री एका गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत शेठ, त्यांची सून आणि म्हातारे दिवाणजी. दिवसभर खतावणीतली एकेक बाकी संगणकात चढवून झाली होती आणि पडद्यावर एक आकडा ठाण मांडून बसला होता: आरंभीच्या शिलकेत ३७,४८० रुपयांचा फरक. नावे बाजू तेवढ्यानं जास्त.

"सॉफ्टवेअरच चुकतंय," शेठ म्हणाले. व्यापारी माणसाचा पहिला संशय नव्या नोकरावरच जायचा.

दिवाणजींनी कागदावर आकड्यातले अंक मिळवले. बेरीज आली बावीस. "नवानं भाग जात नाही. म्हणजे एकाच रकमेत शेजारचे अंक उलटसुलट पडले असतील, असं वाटत नाही." मग त्यांनी फरकाचं निम्मं केलं. "१८,७४० कुणाकडे आहेत बघा, वहिनी."

सापडले. भोर भागातल्या एका दुकानदारानं साखरेसाठी आगाऊ पैसे भरले होते आणि माल अजून उचलला नव्हता. वहीत ती रक्कम जमेला होती. पण गिऱ्हाईक म्हटलं की सॉफ्टवेअर बाकी आपसूक नावे धरतं. जमा असेल तर बाजू आपण बदलायची. ती राहून गेली. जमेकडून १८,७४० गेले, तेवढेच नावेकडे वाढले, म्हणून फरक दुप्पट. सूनबाईंनी बाजू बदलली आणि फरक शून्यावर आला.

शेठ चपला शोधायला लागले. दिवाणजी मात्र जागचे हलले नाहीत. "आता नावं वाचा," ते म्हणाले, "मी वही धरतो."

मला विचाराल तर त्या रात्रीचं खरं काम इथून सुरू झालं. तेरीज जुळली म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या, एवढंच. कुणाची बाकी कुणाच्या माथी मारली गेली, ते ती सांगत नाही. पाऊण तासानं ते निघालंच. 'महालक्ष्मी किराणा' दोन: सासवडची बाकी ४२,३००, भोरची ७,६५०. वहीत दोघींची पानं वेगळी आणि दिवाणजींना पानं पाठ, त्यामुळे नावापुढे गाव लिहायची वेळच कधी आली नव्हती. संगणकात नुसतं महालक्ष्मी एक आणि महालक्ष्मी दोन झालं आणि रकमांची अदलाबदल झाली. दोन्ही बाक्या नावेच, त्यामुळे बेरजेत पैशाचाही फरक नाही. सकाळी भोरकर आले असते तर त्यांच्याकडे ३४,६५० रुपये जास्त मागितले गेले असते.

सूनबाईंनी रकमा बदलल्या आणि नावांपुढे गावं टाइप केली. "झालं ना, काका?"

"महालक्ष्मी झाल्या," दिवाणजी पान उलटत म्हणाले. "आता गणेश ट्रेडर्स. ते चार आहेत."