हिरवी खूण कशाची?

एप्रिलमध्ये बडोद्याहून आतेबहिणीचा फोन आला. लेक दहावीत गेलेली, सीबीएसई, गणिताला घरबसल्या शिकवणी हवी. शिक्षक शोधून देणाऱ्या एका साइटवर तिला एक सर आवडले होते. नावापुढे हिरवी खूण आणि ‘व्हेरिफाइड’. ४८ तासिकांचं पॅकेज २४ हजारांना, तेही आज भरले तरच. "ताई, एकदा बघतेस का?" म्हणाली. पैसे भरायच्या आधी विचारलंन, हेच नशीब!

मी आधी त्या खुणेवरच बोट ठेवलं. खूण दिसते, पण नक्की काय तपासलंय? मदतीच्या पानावर खाली, बारीक अक्षरांत उत्तर होतं: मोबाइल नंबर आणि ओळखपत्र. पदवीचा उल्लेखच नाही. म्हणजे माणूस तोच आहे एवढंच कळलं, त्याला गणित येतं का ते नाही. अशा वेळी साइटला सरळ लिहून विचारायचं, "पदवी कोणी, कधी तपासली?" आणि उत्तर लेखीच घ्यायचं. शिक्षकांनाही विचारायला हरकत नाही. अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिका आणि पदव्या आता डिजिलॉकरमध्ये असतात, व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवता येतात. जुनी पदवी तिथे नसेलही, तर कागद दाखवू देत. आधारची प्रत मात्र मागू नका, तिचा आपल्याला उपयोग नाही.

मग ट्रायल. ती फुकट होती, म्हणून बहीण खूश. मी अटी वाचल्या, तर "नियमित वर्गासाठी शिक्षक बदलू शकतात" असं वाक्य सापडलं. म्हणजे ट्रायल घेणार एक, शिकवणार दुसरे! तेव्हा ट्रायलच्या आधीच विचारा, पुढे हेच सर असतील का? शिवाय ट्रायलसाठी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागत असतील तर थांबा. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. चुकून मंजुरी दिलीच असेल, तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती रद्द करता येते.

ट्रायलच्या तासाला भाचीला मी एकच सांगितलं: चाचणीत चुकलेलं गणित घेऊन बस. वर्गसमीकरणाचं होतं. सरांनी स्वतः भरभर सोडवून दाखवलं, ती कुठे चुकली ते विचारलंच नाही. ती ‘स्टँडर्ड’ गणित देणार की ‘बेसिक’, हेही नाही. सीबीएसईच्या दहावीत या दोन वेगळ्या परीक्षा असतात, दहावीच्या मास्तरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारायची गोष्ट ती.

खरी गोम मात्र परताव्याच्या अटीत होती. पॅकेजमध्ये तासिका पडते ५०० रुपयांना. पण मध्येच सोडलं, तर झालेल्या तासिका सुट्या दराने, ८०० रुपयांप्रमाणे धरणार, वर पॅकेजच्या दहा टक्के ‘प्रक्रिया शुल्क’. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. बारा तासिकांनंतर सोडलं तर आपल्या हिशेबाने १८ हजार परत यायला हवेत. त्यांच्या हिशेबाने तासिकांचे ९,६०० आणि शुल्काचे २,४०० गेले, हाती १२ हजार. बहिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

त्यावर विक्रीवाला म्हणाला, "मग हप्त्याने घ्या." हा हप्ता म्हणजे पालकाच्या नावावरचं कर्ज असू शकतं. देणारी कंपनी वेगळी असते, त्यामुळे शिकवणी बंद केली म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत. कर्जाच्या कागदावर नाव कोणाचं आहे, ते आधी वाचा.

दुसऱ्याच दिवशी सरांचा निरोप आला: साइटवर भरू नका, माझ्या नंबरवर टाका, दहा टक्के कमी करतो. इथे साइटचा प्रकार ओळखायला हवा. काही साइटी फक्त ओळख करून देतात, फी शिक्षकांनाच द्यायची असते. तिथे महिन्याची फी महिना संपल्यावर द्यावी. पण साइट स्वतः पैसे घेत असेल, तर बाहेर दिलेल्या पैशांची जबाबदारी ती घेत नाही. आणि "फी परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची. फसवणूक नसून परताव्याचा वाद असेल, तर आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. त्याचं नाव साइटवर देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटी बहिणीने दुसऱ्या साइटवरून एक बाई ठरवल्या. पॅकेज नाही, महिन्याला आठ तासिका, फी महिनाअखेरीस. त्यांना खूणबिण नव्हती. पदवी मात्र पहिल्याच कॉलवर, न मागता दाखवलीन, आणि भाचीला म्हणाल्या, "चुकलेली वही आण, तिथूनच सुरू करू."