प्लॅन ‘अमर्याद’, मग हॉटस्पॉट संथ का? कंपनीला ई-मेलमध्ये नेमकं काय विचारायचं, समजून घ्या

फोनवर व्हिडिओ सुरळीत चालतो. त्याच फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की साधा अर्जही उघडत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात अनेकांचं ऑनलाइन काम हॉटस्पॉटवरच चालतं. ‘नेट स्लो आहे’ एवढंच लिहिलं तर ‘फोन बंद करून सुरू करा’ एवढंच उत्तर येण्याची शक्यता जास्त. कारण शोधून लिहिलं, तर कंपनीला मुद्द्यावर यावं लागतं.

‘अमर्याद’ कुठपर्यंत?

समजा, एका विद्यार्थ्याकडे रोज २ जीबी आणि ‘अमर्याद ५जी’ असा प्लॅन आहे. चंद्रपूर शहरात ५जी मिळतं, तेव्हा त्याचा २ जीबीचा कोटा खर्च होत नाही. भामरागडकडे गेल्यावर जिथे फोन ४जीवर येतो, तिथे हाच कोटा लागू होतो. लॅपटॉप वाय-फायला जोडला की विंडोजचं अपडेट आणि क्लाउडमधल्या फाइल्स मागच्या मागे उतरू लागतात. २ जीबी दुपारीच संपतात.

कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ एमबी उतरायला सुमारे २ मिनिटं लागतात. १० एमबीच्या पीडीएफला २० मिनिटांहून जास्त. इथे हॉटस्पॉट अडवलेलं नसतं, डेटा संपलेला असतो.

कंपनीला हॉटस्पॉट कळतं का?

कळू शकतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकाने घटतो. फोनचं स्वतःचं पॅकेट साधारण ६४ आकडा घेऊन निघतं. विंडोज लॅपटॉपचं १२८ वर निघतं आणि फोनमधून पुढे जाताना १२७ होतं. असा वेगळा आकडा दिसला की फोनमागे दुसरं उपकरण आहे, हे नेटवर्कला ओळखता येतं. पण ओळखता येणं आणि प्रत्यक्ष वेग कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी चाचणी करा.

तीन चाचण्या

एकाच जागी, पाठोपाठ, कोटा शिल्लक असताना वेग मोजा: आधी फक्त फोनवर, मग हॉटस्पॉटवरून लॅपटॉपवर, मग यूएसबी केबलने जोडून. असं तीनदा करा.

फोनवरही वेग कमी असेल, तर अडचण टॉवरची किंवा सिग्नलची. केबलवर चांगला आणि वाय-फायवर कमी असेल, तर दोष फोन-लॅपटॉपमधल्या वाय-फायचा; कंपनीला लिहून उपयोग नाही. फोनवर चांगला, पण केबल आणि वाय-फाय दोन्हींवर सारखाच कमी असेल, तर प्लॅनवरच्या मर्यादेची शंका रास्त ठरते. हॉटस्पॉट सुरूच होत नसेल, तर अँड्रॉइडमधला ‘डेटा सेव्हर’ बंद आहे ना, ते आधी पाहा.

ई-मेल असा लिहा

‘माझा अमुक रुपयांचा प्लॅन आहे. अमुक तारखेला, अमुक गावात, ४जीवर, कोटा शिल्लक असताना फोनवर इतका आणि केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर इतका वेग मिळाला. स्क्रीनशॉट जोडले आहेत. १) या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटवर वेगाची किंवा डेटाची वेगळी मर्यादा आहे का? २) असल्यास ती कोणत्या अटीत लिहिली आहे? ३) नसल्यास माझ्या क्रमांकावर ती लागू झाली आहे का, हे तपासून लेखी कळवावे.’

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ग्राहकाच्या उपकरणावरून इंटरनेट सेवेत भेदभाव नको, अशी शिफारस ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये केली आणि दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची चौकट मंजूर केली. नेटवर्कवरचा ताण सांभाळण्यासाठी वाजवी उपायांना मात्र त्यात मुभा आहे. त्यामुळे हॉटस्पॉटवरची प्रत्येक मर्यादा बेकायदा ठरत नाही. पण ती कशाच्या आधारावर आहे, हे विचारता येतं. अमेरिकेत हॉटस्पॉटची अ‍ॅप्स अडवल्याच्या चौकशीत व्हेरायझनने २०१२ मध्ये १२.५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. तिथेही मुद्दा परवान्याच्या अटींचाच होता.

उत्तर समाधानकारक नसेल तर?

तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवा. त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे मोफत अपील करता येतं. त्यावर ३९ दिवसांत निर्णय देणं बंधनकारक आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नका. अपिलात कामाला येतील ते चाचणीचे आकडे आणि कंपनीचं लेखी उत्तर.